फोन दाबला, दरपत्रक उघडलं!

माझी मावशी इंदूरला राहते आणि दिवाळीत फराळाच्या ऑर्डर घेते. गेल्या वर्षी मी तिला एका पानाची छोटीशी वेबसाइट करून दिली. वर नाव, मध्ये चकली, शेव, अनारसे आणि बेसनाच्या लाडवांचे फोटो, आणि तळाशी तीन लिंक: फोन, व्हॉट्सॲप, दरपत्रक. लॅपटॉपवर पाहिलं, छान दिसलं. मी खूश, मावशीही खूश.

दिवाळीला दहा-बारा दिवस उरले असताना मावशीचा फोन आला. "अगं, गिऱ्हाइकं म्हणतायत, फोनवर बोट ठेवलं की दराची यादी उघडते. आणि त्या 'फोन' शब्दाचं खालचं अर्धं अंग कोणीतरी कापून नेल्यासारखं दिसतंय. काय करून ठेवलंयस?"

मी माझ्या मोबाइलवर पान उघडलं. खरंच की! 'फोन' हे बटण अर्धं झाकलेलं होतं आणि त्याच्यावर 'दरपत्रक' हे बटण चढून बसलं होतं. ऑर्डर द्यायला आलेलं माणूस फोन लावायला जायचं, यादी उघडायची, ते परत मागे यायचं, पुन्हा तेच. दोन-तीनदा असं झालं की कोण थांबतंय? शेजारच्या काकूंकडे ऑर्डर जाणार.

चूक शोधायला मला अख्खी संध्याकाळ लागली. ती दुरुस्त करायला मात्र एक ओळ पुरली. आज तीच गोष्ट तुम्हाला सांगते, कारण वेबपेज बनवायला शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण या खड्ड्यात एकदा तरी पाय घालतो.

मी काय लिहिलं होतं?

लिंकसाठी एचटीएमएलमध्ये `a` हा टॅग वापरतात, हे तुम्हाला माहीत असेलच. माझ्या तीन लिंक अशा होत्या. पत्ते गाळले आहेत, बाकी जसंच्या तसं:

```html
<p class="sampark">
  <a href="...">फोन</a>
  <a href="...">व्हॉट्सॲप</a>
  <a href="...">दरपत्रक</a>
</p>
```

मला या साध्या निळ्या लिंक नको होत्या. बोटाने नीट दाबता येतील अशी मोठी, रंगीत बटणं हवी होती. म्हणून सीएसएसमध्ये लिहिलं:

```css
.sampark a {
  width: 140px;
  height: 48px;
  margin-bottom: 12px;
  background: #ffd9a0;
}
```

म्हणजे माझी मागणी साधी होती. प्रत्येक बटण १४० पिक्सेल रुंद, ४८ पिक्सेल उंच, खाली १२ पिक्सेल मोकळी जागा आणि पाठीमागे फिकट केशरी रंग.

पान ताजं करून पाहिलं. रंग आला. बाकी काहीच नाही. केशरी पट्टी शब्दाला अंगाबरोबर चिकटलेली, जणू कोणी मार्कर पेन फिरवलंय. मी १४० चे ३०० केले, ४८ चे १०० केले. ढिम्म. चूक दाखवणारा एखादा संदेश यावा, तर तोही नाही. सीएसएसमध्ये एखादी गोष्ट लागू होत नसेल तर ब्राउझर ती गुपचूप सोडून देतो, तक्रार करत नाही. म्हणून नवशिक्या माणसाला वाटतं की आपण शब्दच चुकीचा लिहिला. मी स्पेलिंग चार वेळा तपासलं. स्पेलिंग बरोबरच होतं.

दोन स्वभावांचे टॅग

ब्राउझर पान मांडताना सगळ्या टॅगना एकाच पद्धतीने वागवत नाही. साधारण दोन मोठे स्वभाव आहेत.

पहिला स्वभाव ब्लॉक. परिच्छेदाचा `p`, शीर्षकाचा `h1`, आणि सगळीकडे दिसणारा `div` हे असे. ब्लॉक आला की तो नव्या ओळीपासून सुरू होतो आणि मिळेल ती पूर्ण रुंदी व्यापतो. त्याच्यानंतरचा मजकूर त्याच्या खाली जातो. त्याला रुंदी सांगा, उंची सांगा, वर-खाली मोकळी जागा सांगा, तो ऐकतो.

दुसरा स्वभाव इनलाइन. लिंकचा `a`, ठळक शब्दांचा `strong`, तिरप्या शब्दांचा `em` आणि कोणताही अर्थ नसलेला, नुसता वेढा घालणारा `span` हे या घरातले. ते नवी ओळ सुरू करत नाहीत. वाक्य चाललेलं असतं, त्याच्या मधेच ते येतात आणि वाक्य पुढे चालू राहतं. नावातच आहे, ओळीच्या आत.

आता मुख्य मुद्दा. इनलाइन टॅगला `width` आणि `height` लागू होत नाहीत. `margin-top` आणि `margin-bottom` यांचाही काही परिणाम होत नाही. हा ब्राउझरचा बिघाड नाही, सीएसएसचा नियमच तसा आहे. माझ्या चार ओळींपैकी तीन ओळी नियमानेच वाया गेल्या होत्या. चौथी, रंगाची, तेवढी चालली.

पण असा नियम का?

हे कळलं की पाठ करावं लागत नाही, म्हणून इथे जरा थांबू.

वर्तमानपत्र वाचताना एखादं वाक्य आवडलं आणि तुम्ही त्यावर पिवळं मार्कर पेन फिरवलं, असं समजा. वाक्य एका ओळीच्या शेवटी सुरू होतं, दुसरी पूर्ण ओळ घेतं आणि तिसऱ्या ओळीच्या मधे कुठेतरी संपतं. पिवळा रंग तीन तुकड्यांत पडला. उजवीकडे एक छोटा तुकडा, मधे लांब पट्टा, आणि डावीकडे आणखी एक तुकडा. आता मी विचारलं, "या पिवळ्या भागाची रुंदी किती?" तर काय सांगाल? पहिल्या तुकड्याची? मधल्या पट्ट्याची? की तिन्हींची बेरीज? प्रश्नालाच अर्थ उरत नाही.

इनलाइन टॅगचं नेमकं हेच आहे. तो चौकोनी डबा नाही, शब्दांवरून फिरलेलं मार्कर पेन आहे. ओळ जिथे तुटेल तिथे तोही तुटतो. मोबाइलवर ओळ लवकर तुटते, लॅपटॉपवर उशिरा, म्हणून त्याचे तुकडेही पडद्यागणिक वेगळे. अशा गोष्टीची रुंदी आपण ठरवू शकत नाही. ती आतल्या अक्षरांनी ठरते.

उंचीचंही तसंच. ओळींमधलं अंतर `line-height` ठरवतो. वाक्यातल्या एखाद्या ठळक शब्दाने "मला वर-खाली वीस-वीस पिक्सेल मार्जिन पाहिजे" म्हणून हट्ट धरला आणि ब्राउझरने तो पुरवला, तर परिच्छेदातली तेवढी एकच ओळ बाकीच्यांपासून लांब जाईल. वाचताना ठेच लागेल. म्हणून वर-खालचं मार्जिन बाद.

डाव्या-उजव्या मार्जिनला मात्र अर्थ आहे. शब्दाच्या आधी किंवा नंतर थोडी जास्त जागा सोडली तर पुढचे शब्द ओळीतच थोडे सरकतात, इतकंच. म्हणून `margin-left` आणि `margin-right` इनलाइन टॅगलाही चालतात. माझी अर्धी दिशाभूल यानेच केली. मी `margin-right` दिलं, ते चाललं. मग `margin-bottom` का चालू नये, असं मला वाटत राहिलं.

आणि मग मी पॅडिंग दिलं

रुंदी-उंची चालेना, तेव्हा मी शक्कल लढवली. वाटलं, आतून हवा भरू. पॅडिंग म्हणजे मजकूर आणि कडा यांच्यामधली जागा. मी `width`, `height` काढून टाकले आणि लिहिलं:

```css
.sampark a {
  padding: 14px 32px;
  background: #ffd9a0;
}
```

वर-खाली १४, डावी-उजवीकडे ३२. आणि काय आश्चर्य, लॅपटॉपवर तीन गुबगुबीत केशरी बटणं एका रांगेत दिसायला लागली! प्रश्न सुटला म्हणून मी पान मावशीला पाठवून दिलं. खरा घोटाळा इथेच झाला.

इनलाइन टॅगला वर-खालचं पॅडिंग दिलं की ब्राउझर ते रंगवतो, पण त्यासाठी जागा राखून ठेवत नाही. रंग वर-खाली पसरतो, ओळी मात्र जिथे होत्या तिथेच राहतात. लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसणाऱ्या माणसासारखं. तो बसलेला तर दिसतो, पण त्याच्यासाठी बाक काही लांब होत नाही.

आता आकडे मांडून बघू, म्हणजे मावशीच्या गिऱ्हाइकांचं काय झालं ते कळेल. माझी अक्षरं १६ पिक्सेलची आणि `line-height` दीडपट, म्हणजे एक ओळ २४ पिक्सेल उंच. पुढची ओळ बरोबर २४ पिक्सेल खाली सुरू होणार. अक्षरांमागचा रंगीत भाग फॉन्टनुसार कमीजास्त असतो, आपण २० पिक्सेल धरू. त्यात वर १४ आणि खाली १४ मिळवले की बटण दिसतं ४८ पिक्सेल उंच. पण ओळीने त्याला जागा दिली आहे फक्त २४ पिक्सेल! उरलेले २४ पिक्सेल, म्हणजे १२ वर आणि १२ खाली, ओळीच्या बाहेर लोंबत आहेत.

लॅपटॉपवर हे कळलं नाही, कारण तिन्ही लिंक एकाच ओळीत मावल्या होत्या. परिच्छेदाच्या वर आणि खाली ब्राउझर स्वतःहून एका अक्षराएवढी, म्हणजे इथे १६ पिक्सेल मोकळी जागा सोडतो. लोंबणारे १२ पिक्सेल त्या जागेत सामावून गेले. कोणाला धक्का लागला नाही.

मोबाइलवर रुंदी ३६० पिक्सेल. दोन्ही कडांची जागा वजा केली तर उरले ३२८. माझ्या तिन्ही लिंक मिळून साधारण ३७० पिक्सेल होत होत्या. म्हणून 'फोन' आणि 'व्हॉट्सॲप' पहिल्या ओळीत राहिल्या आणि 'दरपत्रक' दुसऱ्या ओळीत गेली, बरोबर 'फोन'च्या खाली. दुसरी ओळ २४ पिक्सेल खाली, आणि प्रत्येक बटण ४८ पिक्सेल उंच. म्हणजे दोन्ही बटणं एकमेकांवर २४ पिक्सेल चढली. निम्मी!

वर कोण, खाली कोण? एचटीएमएलमध्ये जे नंतर लिहिलेलं असतं ते साधारणपणे नंतर रंगवलं जातं, म्हणून ते वर येतं. 'दरपत्रक' नंतर लिहिलं होतं, ते वर आलं. त्याच्या केशरी रंगाखाली 'फोन' शब्दाचा खालचा भाग झाकला गेला. बोटाचा स्पर्शही वर असलेल्यालाच मिळतो. म्हणून 'फोन'च्या खालच्या निम्म्या भागावर बोट पडलं की दरपत्रक उघडायचं. मावशीची गिऱ्हाइकं शंभर टक्के खरं बोलत होती.

एक ओळ, आणि बटण ताळ्यावर

उपाय आहे `display` बदलण्याचा. टॅगचा स्वभाव जन्मजात पक्का नसतो. `a` इनलाइन आहे, कारण ब्राउझरच्या मूळ सेटिंगमध्ये त्याचं `display` हे `inline` आहे. आपण ते बदलू शकतो.

एक पर्याय `block`. असं केलं की प्रत्येक लिंक स्वतंत्र ओळीत येते आणि वेगळी रुंदी सांगितली नाही तर पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरते. मोबाइलवरच्या मेनूसाठी हे फार सोयीचं, कारण पूर्ण पट्टीवर कुठेही बोट ठेवलं तरी चालतं.

दुसरा पर्याय `inline-block`. नाव जोडनाव आहे आणि स्वभावही तसाच. बाहेरून तो इनलाइन, म्हणजे ओळीत इतरांच्या शेजारी बसतो. आतून तो ब्लॉक, म्हणजे त्याची रुंदी, उंची आणि चारही बाजूंचं मार्जिन मानलं जातं. आणि तो तुटत नाही. ओळीत मावला नाही तर अख्खा डबा उचलून पुढच्या ओळीत ठेवला जातो. मार्कर पेनचा डबा झाला, म्हणून आता "रुंदी किती" या प्रश्नाला उत्तर आहे.

१९९६ मध्ये सीएसएसची पहिली आवृत्ती आली तेव्हा `block` आणि `inline` होते, `inline-block` नव्हतं. ते २.१ या आवृत्तीत आलं. 'ओळीत बसणारं पण मापात राहणारं' असं काहीतरी हवं, ही अडचण माझ्या आधी खूप जणांना आलेली होती तर!

मावशीची बटणं शेवटी अशी लिहिली:

```css
.sampark a {
  display: inline-block;
  width: 140px;
  padding: 12px 0;
  line-height: 24px;
  margin: 0 8px 12px 0;
  text-align: center;
  background: #ffd9a0;
}
```

हिशेब पाहा. आतली ओळ २४, वर १२, खाली १२, म्हणजे बटण ४८ पिक्सेल उंच. खाली १२ पिक्सेल मार्जिन, आणि या वेळी ते खरोखर मोजलं जातं. म्हणजे पुढची रांग ६० पिक्सेल खाली सुरू होते. आधी हे अंतर २४ होतं. बटण ४८ चं, अंतर ६० चं, मग कोणी कोणावर चढायचा प्रश्नच नाही. मोबाइलवर वरच्या रांगेत दोन आणि खालच्या रांगेत एक अशी बटणं आली, मधे स्वच्छ मोकळी फट.

मी `height: 48px` का लिहिलं नाही, असं विचाराल. आता ते चाललं असतं. पण नुसती उंची दिली तर शब्द डब्यात वर चिकटून बसतो, मधोमध येत नाही. शिवाय उद्या मावशीने 'दरपत्रक'च्या जागी एखादा लांब मजकूर लिहिला आणि तो दोन ओळींत गेला, तर ठरलेल्या उंचीतून तो बाहेर सांडेल. पॅडिंग दिलं की डबा मजकुराप्रमाणे वाढतो.

एक बारीकशी गोष्ट. `inline-block` डब्यांच्या मधे तुम्ही न मागितलेली चार-एक पिक्सेलची फट दिसेल. ती कोडमध्ये दोन लिंकच्या मधे आपण जी नवी ओळ सोडतो तिची आहे. ओळीतल्या दोन शब्दांमध्ये जशी रिकामी जागा असते, तशीच ही. मापं काढताना तेवढी धरून चाला. दोन बटणांची बेरीज बरोबर पडद्याएवढी केलीत तर या चार पिक्सेलपायी दुसरं बटण खाली पडेल.

मग फोटो कसा ऐकतो?

इथे तुमच्यातला कोणीतरी हात वर करेल. "ताई, `img` पण इनलाइन आहे ना? त्याला मी रुंदी देतो, ती तर चालते!"

बरोबर. `img` ओळीतच बसतो, पण त्याच्या आत तुटण्यासारखे शब्द नाहीत. फोटो बाहेरून येतो आणि त्याला स्वतःचं माप असतं. अर्धा फोटो या ओळीत आणि अर्धा पुढच्या ओळीत असं कधी होत नाही. म्हणून त्याला रुंदी, उंची, वर-खालचं मार्जिन सगळं लागू होतं. मार्कर पेनचा दाखला लावून बघा, उत्तर आपोआप मिळतं. जे ओळीबरोबर तुटू शकतं त्याला माप नाही, जे अखंड राहतं त्याला आहे. `button` हा टॅगही म्हणूनच पहिल्यापासून ऐकतो. ब्राउझर त्याला मुळातच `inline-block` मानतात.

आणखी एक कोडं. कधीकधी तुम्ही `a` ला काहीच केलेलं नसतं, तरी `width` चालायला लागते. अशा वेळी बाहेरच्या टॅगकडे पाहा. त्याला `display: flex` दिलेलं असेल, तर त्याची थेट मुलं आपोआप ब्लॉकसारखी वागतात. मग तो `flex` कोणी काढून टाकला की मुलं पुन्हा इनलाइन होतात आणि कालपर्यंत चालणारी बटणं आज आक्रसतात. दोष बटणाच्या कोडमध्ये शोधत बसू नका, तो एक मजला वर असतो.

रोग ओळखायचा कसा?

लॅपटॉपवर क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये त्या लिंकवर उजवं क्लिक करा आणि तपासणीचा पर्याय निवडा. तो `Inspect` या नावाने दिसतो. बाजूला तुमचं सीएसएस उघडेल. ज्या ओळी लागू होत नाहीत त्या फिकट झालेल्या दिसतील आणि शेजारी माहितीचं छोटं चिन्ह असेल. त्यावर माउस नेला की ही ओळ का चालत नाही ते ब्राउझर स्वतः सांगतो. पानावर गप्प बसणारा ब्राउझर इथे बोलतो! मी त्या संध्याकाळी इथे आधी पाहिलं असतं तर पाच मिनिटांत सुटले असते.

हाताशी फक्त मोबाइल असेल आणि तुम्ही एखाद्या ऑनलाइन एडिटरमध्ये सराव करत असाल, तर संशयित टॅगला तात्पुरती ही ओळ द्या:

```css
outline: 1px solid red;
```

याने लाल रेघ येते, पण मांडणी जराही हलत नाही. रेघ शब्दांना चिकटलेली दिसली आणि ओळ तुटल्यावर रेघही तुकड्यांत आली, तर समजा टॅग इनलाइन आहे. रेघेचे चौकोन एकमेकांना छेदत असतील, तर पॅडिंगचा घोटाळा. काम झालं की ओळ काढून टाका.

सगळ्यांना डबे करू नका

हे शिकल्यावर मी उत्साहाने सगळीकडे `inline-block` लावत सुटले होते. तेही चुकीचं. परिच्छेदातली एखादी लांब लिंक किंवा ठळक वाक्य यांना तसं केलं की ते अखंड डबा बनतं. मग ते ओळीबरोबर तुटत नाही. मावणार नाही म्हणून पूर्णच्या पूर्ण खाली जातं आणि वरच्या ओळीत मोठी पोकळी राहते. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर हे फारच वाईट दिसतं. वाक्यातले शब्द वाक्यासारखेच वाहू द्या. तिथे इनलाइन हाच योग्य स्वभाव आहे.

स्वतःला एकच प्रश्न विचारायचा. हे वाचायचे शब्द आहेत की दाबायची वस्तू? शब्द असतील तर इनलाइन. वस्तू असेल तर डबा, आणि बोटाला पुरेल एवढा मोठा. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीच्या २०२३ च्या सुलभता मार्गदर्शिकेत दाबायच्या गोष्टीसाठी किमान २४ गुणिले २४ पिक्सेल धरले आहेत, आणि वाक्याच्या मधल्या लिंकना त्यातून सूट आहे. म्हणजे शब्द आणि वस्तू हा फरक त्यांनीही केला आहे. मी ४८ धरले, कारण मावशीची निम्मी गिऱ्हाइकं साठीच्या पुढची आहेत आणि चष्मा शोधायच्या आधी फोन लावतात.

या वेळचा सराव

वरच्या तीन लिंकचं कोड जसंच्या तसं टाइप करा. आधी फक्त पॅडिंगवालं सीएसएस लावा आणि पडदा अरुंद करत न्या. तिसरी लिंक खाली उतरली की चढाओढ दिसेल. मग त्याच सीएसएसमध्ये `display: inline-block;` एवढीच एक ओळ वाढवा आणि काय बदलतं ते पाहा. शेवटी `inline-block` च्या जागी `block` लिहा. तिन्ही चित्रं एकदा डोळ्यांनी पाहिलीत की हा नियम तुम्ही विसरणार नाही.

मावशीचं म्हणाल, तर दुरुस्तीनंतर दुसऱ्या दिवशी तिचा पुन्हा फोन आला. मी घाबरतच उचलला. "अगं, आता फोन दाबला की फोनच लागतो," ती म्हणाली. "पण इतके फोन येतायत की चकलीचा घाणा करपला. दुपारी दोन तास ते बटण बंद ठेवता येतं का गं?"

ते कसं करायचं, ते पुढच्या वेळी.